नोकरकपातीनंतर सेवासमाप्ती पॅकेजच्या वाटाघाटी (नागपूर)

सेवासमाप्ती पॅकेजच्या वाटाघाटी म्हणजे नोकरकपातीची सूचना मिळाल्यानंतर आणि सेवेचा शेवटचा दिवस येण्यापूर्वी कर्मचारी व आस्थापना यांच्यात होणारी बोलणी होय. देय रक्कम, सूचना कालावधी, अनुभव व शिफारस यांची पत्रे आणि विम्यासारखे लाभ हे या बोलण्यांचे चार मुख्य विषय असतात. भारतात या पॅकेजचा काही भाग कायद्याने ठरलेला असतो आणि उरलेला भाग उभयपक्षी संमतीवर अवलंबून असतो. कायद्याने मिळणारी रक्कम हा कर्मचाऱ्याचा हक्क असल्याने ती घासाघिशीचा विषय ठरत नाही. वाटाघाटी होतात त्या त्याहून अधिक मिळणाऱ्या रकमेबाबत व सोयींबाबत. मात्र सेवा 'कपात' म्हणून संपते की 'राजीनामा' म्हणून, यावर हक्काचा भागही मिळणे वा न मिळणे अवलंबून असते. त्यामुळे पैशांच्या आकड्याआधी या प्रश्नाचा निकाल लागणे महत्त्वाचे ठरते.

## संज्ञा

बोलीभाषेत नोकरी जाण्याला सरसकट 'ले-ऑफ' म्हटले जात असले तरी भारतीय कामगार कायद्यात या शब्दाचा अर्थ निराळा आहे. कोळसा, वीज, कच्चा माल यांची टंचाई किंवा यंत्रातील बिघाड अशा कारणांनी कामगाराला काही काळ काम न देणे म्हणजे कायद्यातील ले-ऑफ. त्यात नोकरी संपत नाही आणि त्या काळासाठी साधारणतः निम्मे वेतन भरपाई म्हणून मिळते. शिक्षा म्हणून नव्हे, तर अन्य कारणाने मालकाने नोकरी कायमची संपवणे याला कायदा 'कपात' म्हणतो. स्वेच्छानिवृत्ती, नियत वयोमानानुसार निवृत्ती आणि मुदतीच्या कराराचे नूतनीकरण न होणे या गोष्टी कपातीत मोडत नाहीत. कर्मचाऱ्याने स्वतः दिलेला राजीनामाही कपात नसतो.

कायद्याने देय नसलेली, पण आस्थापना आपणहून देते ती रक्कम 'सानुग्रह रक्कम' होय. सर्व देण्याघेण्यांचा शेवटचा तपशील 'अंतिम हिशेब' या नावाने ओळखला जातो.

## नागपुरातील पार्श्वभूमी

नागपूरच्या औद्योगिक इतिहासाची सुरुवात जमशेदजी टाटा यांच्या एम्प्रेस मिलपासून मानली जाते. ही कापड गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. १९८६ साली ती महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ साली बंद झाली. शहरातील मॉडेल मिल ही गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यात होती. सार्वजनिक क्षेत्रातील आजारी गिरण्या बंद करताना स्वेच्छानिवृत्तीचे जे सूत्र वापरले गेले ते 'गुजरात सूत्र' म्हणून परिचित आहे. त्यानुसार पूर्ण झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी ३५ दिवसांचे आणि निवृत्तीपर्यंत उरलेल्या प्रत्येक वर्षासाठी २५ दिवसांचे वेतन दिले जाते. हे सूत्र सर्वांसाठी सारखे होते. एकट्या कामगाराला व्यवस्थापनासमोर बसून आपला आकडा ठरवावा लागत नव्हता. संघटना आणि शासन यांच्या पातळीवर तो आधीच ठरलेला असे.

गेल्या दोन दशकांत मिहान प्रकल्प, परसोडी येथील माहिती तंत्रज्ञान उद्यान आणि शहरातील सेवा कंपन्या यांमुळे नागपुरात पांढरपेशा नोकऱ्यांचा नवा वर्ग तयार झाला. या क्षेत्रात संघटना विरळ असल्याने सेवासमाप्तीची बोलणी बहुधा एकेका कर्मचाऱ्याशी, बंद दाराआड आणि थोड्या दिवसांच्या मुदतीत होतात. नागपुरात मोठे संकुल असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने जुलै २०२५ मध्ये आपल्या एकूण मनुष्यबळापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० हून अधिक जागा कमी करण्याचे जाहीर केले. त्यावेळी पुण्यातील 'नाइट्स' या माहिती तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली आणि कपात व राजीनामा यांतील फरकाचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला.

## कायद्याची चौकट

१९४७ चा औद्योगिक विवाद अधिनियम अनेक दशके या विषयाचा मुख्य कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्या अधिनियमाची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली. उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी, आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आणि वेतन देण्याची मुदत वेतन संहिता, २०१९ मध्ये सांगितली आहे.

किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची असल्यास आस्थापनेने तीन गोष्टी करणे आवश्यक असते. पहिली म्हणजे कारणे नमूद केलेली एक महिन्याची लेखी सूचना किंवा तिच्याऐवजी एक महिन्याचे वेतन. दुसरी म्हणजे सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई. सहा महिन्यांहून अधिक असलेला वर्षाचा भाग येथे पूर्ण वर्ष धरला जातो. तिसरी म्हणजे शासनाला सूचना. भरपाई कपातीच्या वेळीच द्यावी लागते, 'नंतर पाहू' असे म्हणण्यास कायद्यात जागा नाही. याशिवाय कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम त्यात भरायची असते आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावी, अशी योजना आहे.

एकाच प्रवर्गातील कामगारांपैकी सर्वांत शेवटी लागलेल्यास आधी कमी करावे, असा सर्वसाधारण नियम आहे. तो मोडायचा असेल तर मालकाने कारणे नोंदवावी लागतात. कपातीनंतर एका वर्षाच्या आत पुन्हा भरती झाल्यास कपात झालेल्या कामगाराला प्राधान्याने संधी द्यावी लागते. तीनशे किंवा अधिक कामगार असलेले कारखाने, खाणी व मळे यांना कपातीपूर्वी शासनाची परवानगी घ्यावी लागते. हे बंधन माहिती तंत्रज्ञान कंपनीच्या कार्यालयाला लागू होत नाही, कारण ते कारखाना या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे हिंगणा किंवा बुटीबोरी औद्योगिक क्षेत्रातील मोठ्या कारखान्याचा कामगार आणि मिहानमधील संगणक अभियंता यांची स्थिती या बाबतीत सारखी नसते.

हे संरक्षण 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांनाच मिळते. तांत्रिक, लिपिकवर्गीय, कुशल व अकुशल काम करणारे या व्याख्येत येतात. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे, तसेच दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक तिच्याबाहेर राहतात. येथे पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम पाहिले जाते. 'टीम लीड' असे पद असले, पण दिवसभराचे काम संगणक प्रणाली लिहिण्याचे असले आणि रजा मंजूर करण्याचा वा नेमणूक करण्याचा अधिकार नसला, तर अशी व्यक्ती कामगार असल्याचा दावा करू शकते. व्याख्येबाहेरील व्यवस्थापकाचा आधार मुख्यतः त्याच्या नेमणूक पत्रातील अटी हाच असतो.

## राजीनामा की कपात

सेवा क्षेत्रात कपातीची बातमी अनेकदा तोंडी दिली जाते. मनुष्यबळ विभागाचा अधिकारी कर्मचाऱ्याला बोलावतो, पद उरलेले नाही असे सांगतो आणि संगणक प्रणालीवर स्वतःहून राजीनामा नोंदवण्यास सुचवतो. 'राजीनामा दिल्यास कागदपत्रे स्वच्छ राहतील, काढून टाकल्याची नोंद पुढील नोकरीत अडचणीची ठरेल' असे कारण पुढे केले जाते. कपात ही शिक्षा नसल्याने, 'पद कमी झाल्यामुळे सेवा समाप्त' हा शेरा गैरवर्तनाचा निदर्शक ठरत नाही. या युक्तिवादातील भीती त्यामुळे मोठ्या प्रमाणात अनाठायी असते.

राजीनाम्याचे परिणाम मात्र ठोस असतात. त्यामुळे कपातीची भरपाई आणि पुनर्कौशल्य निधीची रक्कम यांवरील हक्क जातो. पुनर्भरतीतील प्राधान्यही उरत नाही. सूचना कालावधी पूर्ण करण्याची जबाबदारी कागदोपत्री कर्मचाऱ्यावर येते आणि काही वेळा अंतिम हिशेबात सूचना वेतनाची उलट वजावट दाखवली जाते. आस्थापनेने दिलेली जादा रक्कमही अशा वेळी पूर्णतः करपात्र पगार समजली जाण्याची शक्यता असते.

म्हणून वाटाघाटीतील पहिली मागणी सेवासमाप्तीचा निर्णय आस्थापनेचा असल्याचे लेखी मिळावे, ही असते. आस्थापना तसे पत्र देण्यास नकार देत असल्यास कर्मचारी बैठकीनंतर त्याच दिवशी ई-मेल पाठवून झालेल्या बोलण्याची नोंद करू शकतो. बैठकीची तारीख, उपस्थित अधिकाऱ्यांचे पद, सांगितलेले कारण आणि राजीनामा मागितल्याचा उल्लेख एवढा मजकूर त्यास पुरतो. पुढे वाद उद्भवल्यास राजीनामा स्वेच्छेने दिला नव्हता हे दाखवण्यासाठी त्याच सुमारास केलेली अशी नोंद नंतरच्या कथनापेक्षा अधिक वजनदार ठरते. कार्यालयीन ई-मेलचा प्रवेश अचानक बंद होत असल्यामुळे ही नोंद स्वतःच्या खासगी पत्त्यावरून पाठवणे, तसेच नेमणूक पत्र, वेतनपत्रके व रजेचा तक्ता यांच्या प्रती आधीच जवळ ठेवणे उपयुक्त असते. आस्थापनेचे गोपनीय दस्तऐवज मात्र त्यासोबत बाहेर नेऊ नयेत. तसे केल्यास गैरवर्तनाचे निमित्त मिळू शकते.

## देय रकमेची मोजणी

दुसरा प्रश्न 'वेतन' कशाला म्हणायचे हा असतो. संहितांमधील व्याख्येनुसार मूळ वेतन, महागाई भत्ता आणि टिकवणी भत्ता मिळून वेतन होते. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, बोनस इत्यादी त्यातून वगळले जातात. मात्र वगळलेल्या भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास जादा भाग पुन्हा वेतनात मिळवला जातो. जुन्या अधिनियमातील वेतनाची व्याख्या याहून व्यापक होती आणि तिच्यात बहुतेक भत्ते येत असत. त्यामुळे कपातीच्या भरपाईची कायदेशीर किमान रक्कम नव्या व्याख्येत कमी भरू शकते. उलट, पूर्वी मूळ वेतन फार कमी दाखवणाऱ्या आस्थापनांत उपदानाची रक्कम वाढते.

मोजणीत आणखी एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. उपदान काढताना महिन्याचे वेतन २६ दिवसांनी भागले जाते. कपातीच्या भरपाईत १५ दिवस म्हणजे अर्धा महिना धरतात, म्हणजेच भागाकार ३० ने होतो. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गुरू जंभेश्वर विद्यापीठाच्या प्रकरणात जुन्या अधिनियमाखाली हाच अर्थ लावला होता.

### उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक आहे. नागपुरातील एका सेवा कंपनीत ७ वर्षे ८ महिने काम केलेल्या अभियंत्याचा एकूण मासिक मोबदला ६०,००० रुपये असून त्यातील व्याख्येनुसारचे वेतन ३०,००० रुपये आहे. नेमणूक पत्रात दोन महिन्यांच्या सूचनेची अट आहे आणि त्याची २४ दिवसांची अर्जित रजा शिल्लक आहे.

कंपनीने त्याच्यापुढे असा प्रस्ताव ठेवला: राजीनामा द्यावा, त्याबदल्यात 'दोन महिन्यांचे पॅकेज' म्हणून १,२०,००० रुपये, उपदानाचे १,३८,४६२ रुपये आणि रजेचे २४,००० रुपये, एकूण २,८२,४६२ रुपये मिळतील. वरवर पाहता ही रक्कम भरघोस वाटते. परंतु उपदान (३०,००० × १५ ÷ २६ × ८) आणि रजेचा मोबदला अभियंत्याला तसाही मिळणार होता. उरलेले १,२०,००० रुपये म्हणजे नेमणूक पत्रानुसार देय असलेले दोन महिन्यांचे सूचना वेतनच होते. कपातीची भरपाई या प्रस्तावात अजिबात नव्हती. जादा म्हणून त्यात एक रुपयाही नव्हता.

कपात म्हणून हिशेब केल्यास चित्र पुढीलप्रमाणे दिसते.

| बाब | मोजणी | रक्कम (रुपये) |
|---|---|---|
| सूचना वेतन | ६०,००० × २ | १,२०,००० |
| कपातीची भरपाई | १५,००० × ८ | १,२०,००० |
| उपदान | ३०,००० × १५ ÷ २६ × ८ | १,३८,४६२ |
| रजेचा मोबदला | १,००० × २४ | २४,००० |
| एकूण | | ४,०२,४६२ |

पुनर्कौशल्य निधीचे १५,००० रुपये याव्यतिरिक्त असतात. म्हणजे वाटाघाटींचा प्रारंभबिंदू २,८२,४६२ नसून ४,०२,४६२ रुपये हा ठरतो. त्यावर अभियंता अशी मागणी करू शकतो की कपातीची भरपाई व्याख्येतील वेतनावर न काढता एकूण मोबदल्यावर काढावी. तसे केल्यास ती ३०,००० × ८, म्हणजे २,४०,००० रुपये होते. ही मागणी कायद्याची नसून संमतीची आहे, परंतु जुन्या व्याख्येत बहुतेक भत्ते धरले जात असल्याचा आधार तिला देता येतो. १,२०,००० आणि २,४०,००० यांच्या मध्यावर, १,८०,००० रुपयांवर तडजोड झाली, तर एकूण रक्कम ४,६२,४६२ रुपये होते. त्यातील १,२०,००० रुपये कायदेशीर भरपाई आणि ६०,००० रुपये सानुग्रह रक्कम असे वेगळे लिहून घेणे आवश्यक असते, कारण दोहोंवरील कराचा नियम वेगळा आहे.

### कर

कामगाराला मिळालेली कपातीची भरपाई कायद्यानुसार मोजलेल्या रकमेपर्यंत, आणि जास्तीत जास्त ५ लाख रुपयांपर्यंत, आयकरातून मुक्त असते. उपदानाची करमुक्त मर्यादा खासगी नोकरदारांसाठी २० लाख रुपये आणि सेवेच्या शेवटी मिळणाऱ्या रजेच्या मोबदल्याची २५ लाख रुपये आहे. सूचना वेतन आणि सानुग्रह रक्कम पगाराप्रमाणे करपात्र असतात. त्यामुळे 'एकरकमी पॅकेज' अशा एकाच शीर्षाखाली सर्व रक्कम दाखवली गेल्यास मुळातून जास्त कर कापला जाण्याचा संभव असतो. वरील उदाहरणात शीर्षे वेगळी असल्यास १,८०,००० पैकी केवळ ६०,००० रुपये करपात्र ठरतात.

## सूचना कालावधी

कायद्यातील एक महिना ही किमान मर्यादा आहे. नेमणूक पत्रात दोन किंवा तीन महिन्यांची अट असल्यास ती अधिक लाभाची म्हणून लागू होते. सूचना कालावधी तीन प्रकारे जाऊ शकतो: प्रत्यक्ष काम करून, कामातून मोकळीक घेऊन पगारावर राहून, किंवा त्याऐवजी रोख वेतन घेऊन. रोख वेतन तात्काळ हाती येते, परंतु सेवेचा शेवटचा दिवस अलीकडे येतो. पगारावर राहिल्यास भविष्य निर्वाह निधी आणि आरोग्य विमा चालू राहतो, शिवाय नवी नोकरी शोधताना 'सध्या नोकरीत आहे' असे सांगता येते.

शेवटच्या दिवसाची तारीख ठरवताना सेवेच्या वर्षांची मोजणीही पाहिली जाते. एखाद्याची सेवा ७ वर्षे ५ महिने झाली असेल, तर रोख वेतन घेऊन लगेच बाहेर पडल्यास भरपाई ७ वर्षांची होते. दोन महिने पटावर राहिल्यास ती ८ वर्षांची होते, कारण सहा महिन्यांची सीमा ओलांडली जाते. पाच वर्षांच्या उंबरठ्यावर असलेल्या कायम कर्मचाऱ्यासाठी हा फरक अधिक मोठा असतो, कारण उपदानाला साधारणतः पाच वर्षांची सलग सेवा लागते. मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्याला मात्र नव्या संहितेनुसार एका वर्षाच्या सेवेनंतरही प्रमाणशीर उपदान मिळते.

वेतन संहितेनुसार, सेवा संपल्यापासून दोन कामाच्या दिवसांत देय वेतन चुकते करावे लागते. उपदान ३० दिवसांत देणे बंधनकारक असून विलंब झाल्यास त्यावर व्याज लागते. 'अंतिम हिशेब ४५ ते ६० दिवसांत होईल' असे वाक्य अनेक पत्रांत आढळते. वेतनाच्या भागापुरते ते कायद्याशी सुसंगत नाही.

## पत्रे व शिफारस

सेवासमाप्तीच्या वेळी तीन वेगवेगळी पत्रे असतात आणि त्यांची गल्लत होऊ नये. *कार्यमुक्ती पत्र* कर्मचारी अमुक तारखेपासून मोकळा झाल्याचे सांगते. *अनुभव प्रमाणपत्र* किंवा सेवा प्रमाणपत्र पद, कालावधी व कामाचे स्वरूप नमूद करते. कारखान्यांसाठीच्या आदर्श स्थायी आदेशांत कायम कामगाराचा अशा प्रमाणपत्रावरील हक्क पूर्वीपासून मान्य केलेला आहे. *शिफारसपत्र* कामाच्या गुणवत्तेविषयी असते आणि ते देण्याचे बंधन कोणत्याही मालकावर नाही. म्हणूनच ते वाटाघाटींचा विषय होते.

मोठ्या कंपन्या व्यक्तिगत शिफारसपत्र देणे टाळतात. अशा वेळी अनुभव प्रमाणपत्रातच कामाचा तपशील आणि 'पद कमी करण्यात आल्यामुळे सेवा समाप्त, वर्तन समाधानकारक' असे वाक्य घालून घेणे हा व्यवहार्य पर्याय असतो. नवी कंपनी पूर्वपडताळणीसाठी जुन्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे विचारणा करते. पत्रात एक व संगणकीय नोंदीत दुसरेच कारण असल्यास तेथे विसंगती उघड होते. म्हणून अंतर्गत नोंदीत सेवासमाप्तीचे कोणते कारण दाखवले जाईल, हेही करारात लिहिले जाते. पत्राचा मसुदा करारासोबत परिशिष्ट म्हणून जोडल्यास 'पत्र नंतर मिळेल' या आश्वासनावर विसंबावे लागत नाही.

## विमा व अन्य लाभ

सामूहिक आरोग्य विमा बहुधा सेवेच्या शेवटच्या दिवशी संपतो. कुटुंबात कोणावर उपचार चालू असल्यास ही बाब रोख रकमेइतकीच महत्त्वाची ठरते. विमा वर्ष संपेपर्यंत नाव पॉलिसीत ठेवावे अशी मागणी करता येते. वर्षाचा हप्ता सहसा आधीच भरलेला असल्याने आस्थापनेवर तिचा भार तुलनेने कमी असतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याचीही सोय असते. तसे केल्यास पूर्वीच्या आजारांसाठीच्या प्रतीक्षा कालावधीत झालेली वर्षे धरली जातात. मात्र सामूहिक विमा संपण्यापूर्वी विमा कंपनीशी संपर्क साधावा लागतो आणि पॉलिसी देण्यापूर्वी कंपनी प्रकृतीची तपासणी करू शकते.

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कर्मचारी कर्मचारी राज्य विमा योजनेत येतात. या योजनेत नोकरी गेलेल्या विमेदारासाठी बेकारी भत्त्याची तरतूद आहे. कपात किंवा आस्थापना बंद पडणे ही त्यासाठीची कारणे असून स्वेच्छानिवृत्ती घेणारा त्यास पात्र ठरत नाही. सेवासमाप्तीच्या कारणाचा प्रश्न येथेही निर्णायक ठरतो.

भविष्य निर्वाह निधीतील शिल्लक ही सदस्याची स्वतःची असल्याने ती पॅकेजमध्ये धरली जाऊ नये. काही प्रस्तावांत ती 'एकूण लाभ' या आकड्यात मिळवून रक्कम फुगवलेली दिसते.

## करारावर स्वाक्षरी

करारात बहुधा 'यापुढे कोणताही दावा राहणार नाही' असे कलम असते. त्यावर स्वाक्षरी करण्यापूर्वी रकमांची स्वतंत्र शीर्षे, देण्याची तारीख, सेवासमाप्तीचे कारण आणि पत्रांचे मसुदे ही सर्व त्यात आली आहेत हे पाहिले जाते. उपदानाचा हक्क करार करून सोडता येत नाही, त्यामुळे 'स्वाक्षरी केली तरच उपदान' ही अट टिकणारी नसते. नोकरी सोडल्यानंतर स्पर्धक कंपनीत काम न करण्याचे कलमही भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ मुळे सामान्यतः अंमलात आणता येत नाही. गोपनीयतेचे कलम मात्र बंधनकारक असते.

आस्थापना अनेकदा त्याच दिवशी स्वाक्षरी मागते. विचारासाठी लेखी मुदत मागणे हा नकार नसतो. तात्काळ स्वाक्षरी करावी लागल्यास पोच म्हणून केवळ 'मिळाले' असे लिहून तारीख घालणे, आणि रक्कम स्वीकारताना 'हक्क राखून' असे नमूद करणे, हे रूढ उपाय आहेत.

## दाद मागण्याचे मार्ग

बोलणी फिसकटल्यास कामगार समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. नागपुरात हे काम अपर कामगार आयुक्त कार्यालयातून चालते. समेटासाठी अर्ज केल्यापासून ४५ दिवस उलटल्यावर, सेवा संपल्यापासून दोन वर्षांच्या आत, कामगाराला थेट न्यायाधिकरणाकडे जाता येते. जुन्या अधिनियमात ही मुदत तीन वर्षांची होती. महाराष्ट्रात १९७१ च्या कामगार संघांना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियमाखालीही, उघडपणे खोट्या कारणाने किंवा सूडबुद्धीने कामावरून काढल्यास ९० दिवसांत तक्रार करण्याची तरतूद आहे. व्यवस्थापक वर्गाला हे मार्ग खुले नसतात. त्यांना नेमणूक पत्राच्या आधारे दिवाणी न्यायालयात जावे लागते.

या मार्गांना व्यावहारिक मर्यादा आहेत. खटले वर्षानुवर्षे चालतात आणि कपात बेकायदेशीर ठरली तरी न्यायालये अलीकडे पुन्हा कामावर घेण्याऐवजी एकरकमी भरपाई देण्याकडे झुकतात. आस्थापनेलाही खटल्याचा खर्च आणि जाहीर वाद नको असतो. वाटाघाटींतील तडजोडीचा आकडा बहुधा या दोन्ही बाजूंच्या गणितातून ठरतो. आस्थापना दिवाळखोरीत गेल्यास मात्र करारातील सानुग्रह रक्कम केवळ कागदावर राहू शकते, कारण अशा प्रसंगी कामगारांच्या कायदेशीर देण्यांना जे प्राधान्य मिळते ते सानुग्रह रकमेला मिळत नाही. अशा शंकास्पद आस्थापनेत हप्त्यांनी मिळणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा शेवटच्या दिवशी हाती येणारी लहान रक्कम अधिक सुरक्षित समजली जाते.